दोनशे नव्याण्णवचा टी-शर्ट आणि माझं पोट

परवा लिफ्टमध्ये हात वर करून पंख्याचं बटण दाबलं आणि मागून तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगंबाई." एवढंच. पण माझ्या बेंबीला उद्देशून.

टी-शर्ट नवाकोरा, दोनशे नव्याण्णवचा, तीनदा घातलेला. लेबलावर लिहिल्याप्रमाणे थंड पाण्यात धुतलेला, हे मी शपथेवर सांगतो. तरी घरी येऊन मोजला तर अठ्ठावीस इंचांची उंची सव्वीस झाली होती, आणि रुंदी मात्र अर्धा इंच वाढली होती. म्हणजे माणूस म्हातारपणी होतो तसा.

रागाच्या भरात इस्त्रीवाल्या काकांकडे नेला. त्यांनी तो उचलला, आडवा धरला, उभा धरला. "छोट्या दादाचा का?"

"माझा."

काका हसले नाहीत, तेच जास्त लागलं. चार वर्षं तिरुपूरला टी-शर्टच्या कारखान्यात होते म्हणे. टी-शर्ट टेबलावर पसरून त्यांनी बोट ठेवलं. बगलेखालची शिवण नागिणीसारखी वळत पोटावर आली होती. "साहेब, हा आटला नाही. हा सुटला."

मग त्यांनी गरम इस्त्री बाजूला ठेवून वर्ग घेतला. होजिअरीचं ओलं कापड कारखान्यात लांबीत ताणून सुकवतात. ते किलोवर घेतात, त्यामुळे ताणलं की एका किलोत जास्त मीटर निघतं. चांगला कारखाना नंतर वाफ देऊन ते दाबून परत आखडवतो, म्हणजे आटायचं ते तिथंच आटतं. स्वस्त मालात हा खर्च वाचवतात. "आणि हे काम तुमच्या बादलीत होतं." पाणी लागलं की विणीतले ताणलेले फासे मूळ आकाराला येतात, लांबी जाते, रुंदी वाढते. त्यासाठी गरम पाणी लागतच नाही! सुताला दिलेला जास्तीचा पीळही पाण्यात सुटायला बघतो आणि शिवणीला फिरवतो. दुकानातच घडी घालून बघायचं, दोन्ही बाजूंच्या शिवणी सरळ बसतात का. नाही बसल्या तर पुढे काय होणार ते दिसतंच.

मी मात्र दुकानात आरशात स्वतःकडेच बघत होतो.

"आता किंमत घातलेल्या दिवसांनी भागा," काका म्हणाले. दोनशे नव्याण्णव भागिले तीन, शंभर रुपये. प्रत्येक वेळचे इस्त्रीचे दहा धरले तर एकशेदहा. माझा जुना निळा आठशे पन्नासचा. अडीच वर्षं दर आठवड्याला एकदा म्हणजे साधारण एकशेतीस वेळा. साडेसहा आणि दहा, साडेसोळा रुपये. तो घेतल्याबद्दल बायको अजून मला उधळ्या म्हणते.

अर्थात हा हिशेब आधी करायला गेलं की माणूस खोटं बोलतो. लग्नातली सहा हजारांची शेरवानी "दिवाळीलाही होईल" म्हणून घेतली होती. दोनदा घातली, दुसऱ्यांदा फोटोसाठी.

दुकानवाल्याला फोन केला तर म्हणाला, धुतलेला माल परत घेत नाही. मग आटतो की नाही हे न धुता कळणार कसं, हे विचारायच्या आत फोन कट.

काकांनी टी-शर्ट इस्त्री करून दिला. दहाची नोट दिली तर पाच रुपये परत.

"लहान मुलांच्या कपड्यांना पाचच घेतो."