एक कंटेनर मौज

अरबीत केळ्याला 'मौझ' म्हणतात. आखातात नवीन होतो तेव्हा बाजारातल्या पाटीवर 'मौझ, किलो चार रियाल' वाचून मला फार बरं वाटलं होतं. इतकी स्वस्त मौज आमच्या पनवेलला कधी मिळाली नाही.

हे आठवायचं कारण माझा भाचा. तो रावेर तालुक्यात असतो आणि केळी निर्यात करतो. दम्मामच्या क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं कारकुनी केली, म्हणून आमच्या नातेवाइकांत अरबी या विषयात माझा शब्द अखेरचा मानला जातो. (बाकी कुठल्याच विषयात मानला जात नाही.) गेल्या आठवड्यात सकाळी साडेसहाला त्याचा फोन आला.

"मामा, वाट लागली. १५४० बॉक्स पाठवले आणि ते म्हणतात १०२ पोचले!"

दम्मामच्या व्यापाऱ्याच्या हिशेबनिसाने हाताने लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो त्याने पाठवला होता. एक उभी रेघ, एक गोल, एक दोन आणि शेवटी एक टिंब. आपल्या डोळ्यांना ते १०२ आणि पुढे पूर्णविराम असंच दिसणार. पण तिकडचा पाच म्हणजे हुबेहूब आपलं शून्य आणि तिकडचं शून्य म्हणजे नुसतं टिंब. आकडा १५२० होता. गंमत म्हणजे अरब लोक या अंकांना 'हिंदी अंक' म्हणतात आणि हिंदुस्थानातल्या माणसाला नेमके तेच वाचता येत नाहीत.

"म्हणजे वीसच बॉक्स कमी," मी म्हणालो.

"मग काहीच नाही! फक्त त्यांच्या विमावाल्यांना बीएल अरबीत पाहिजे. एकच पान आहे, मामा. आणि कंटेनरच्या दारावर लिहिलंय तेवढं."

'एकच पान' हे शब्द ज्याने ऐकलेत तो माणूस भाषांतरकार झालेला असतो.

फोटो आले. बीएल, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, मोटारसायकलच्या सीटवर ठेवून काढलेलं होतं. मधोमध घडी, उजव्या कोपऱ्यात भाच्याचा अंगठा आणि वजनाच्या रकान्यावर आरशाची सावली. मागच्या बाजूचाही फोटो होता. तिथे जहाज कंपनीच्या अटी तांदळावर गणपती कोरावा अशा अक्षरात छापलेल्या असतात. त्या मी बघितल्या आणि चष्म्याला त्रास नको म्हणून सोडून दिल्या.

पहिलाच रकाना शिपरचा, म्हणजे माल पाठवणाऱ्याचा. त्याला अरबी शब्द 'शाहिन', आणि मोबाइलच्या चार्जरलाही अरबीत शाहिनच म्हणतात. म्हणजे भाच्याच्या फर्मच्या नावावर मी बिनदिक्कत 'चार्जर' असं लिहिलं आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. त्याखाली 'नोटिफाय पार्टी', जहाज आल्याचं ज्याला कळवायचं तो. दम्मामला नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी या पार्टीचं 'हफला' केलं होतं. हफला म्हणजे गाणंबजावणं, जेवणखाण. आमचे मुदीर, म्हणजे साहेब, कागद घेऊन सगळ्या ऑफिसात फिरले आणि बोलावणं कधीचं आहे ते विचारत राहिले. तिथे शब्द हवा 'तरफ'. आपल्या 'तर्फे'तला तर्फ तोच, हे कळल्यावर तो पुन्हा कधी विसरलो नाही.

बंदराच्या नावाशी मात्र झटापट झाली. अरबीत आपला 'व्ह' नाही, तिथे 'फ' बसवतात. न्हावा शेवा लिहायला गेलो आणि कागदावर उमटलं 'नाफा शीफा'. वाचायला नफा आणि शिफा. शिफा म्हणजे अरबीत आजारातून बरं होणं. हे ऐकून भाचा म्हणाला, "नफ्याचं माहीत नाही मामा, पण बरं वाटलं पाहिजे."

मग आला कंटेनरचा नंबर. तो भाषांतरायचा नसतो, जसाच्या तसा उतरवायचा असतो. हेच अवघड, कारण दाराच्या फोटोत कुलपाचा दांडा नेमका एका आकड्यावर आडवा आला होता. तो ३ होता की ८? बीएलवर पाहावं तर तिथे अंगठा.

इथे कारकुनी कामाला येते. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एकटा बसलेला सातवा, अशी कंटेनरच्या नंबराची रचना असते. तो सातवा उगाच बसलेला नसतो, आधीच्या दहांवर नजर ठेवायला बसवलेला असतो. प्रत्येक अक्षराची एक ठरलेली किंमत असते. ए म्हणजे १०, बी म्हणजे १२ अशी ती चढत जाते आणि वाटेत ११, २२, ३३ गाळते. मग पहिल्याला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ४ ने, असं दरवेळी दुप्पट करत दहाव्याला ५१२ ने गुणायचं, बेरीज करायची आणि ११ ने भागायचं. उरेल ती बाकी चौकटीत हवी. भाच्याचा नंबर इथे देत नाही, सगळे शिकवताना घेतात तोच नमुना घ्या: `CSQU 305438 3`. बेरीज येते ६१८५, अकराने भागून बाकी ३, आणि चौकटीतही ३. आता त्यातला नववा, म्हणजे ३, आपण ८ वाचला असता तर बेरीज ७४६५ झाली असती आणि बाकी ७. चौकट लगेच म्हणाली असती, काका, चष्मा पुसा.

आमच्या फोटोतही ३ धरला तेव्हा हिशेब जुळला. पण हे सगळं मी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या मागे, दुधाच्या हिशेबाशेजारी सोडवलं. बायकोने ते पाहिलं आणि दूधवाल्याला फोन करून सहा हजार एकशे पंच्याऐंशी कसले ते विचारलं.

वजनात मला वाटलं सोपं जाईल, कारण वजन हा शब्दच आपण अरबीतून उचललेला. खोक्यासकट वजनाला ते 'वझ्न काइम' म्हणतात, म्हणजे उभं वजन, आणि निव्वळ वजनाला 'साफी'. बीएलवर 21868.000 छापलं होतं, तीन शून्यांसकट, कारण किलोच्या पुढे ग्रॅम दाखवायची रीत आहे. पण फोटोत टिंब उडालं होतं. ते तसंच उतरवलं असतं तर एका कंटेनरात दोन कोटी अठरा लाख किलो केळी झाली असती आणि दम्मामच काय, अख्ख्या अरबस्तानाने शिकरण खाल्लं असतं.

शिकरणावरून आठवलं. आमच्याकडे त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तेच चालू होतं. भाच्याने एक्स्पोर्टचा एक बॉक्स प्रेमाने पाठवला होता. तेरा किलो केळी हिरवी असतात तोवर शांत बसतात आणि मग एकाच दुपारी सगळी मिळून पिवळी होतात. ते असो.

कंटेनरच्या दारावर 'टेअर' म्हणून ४६४० किलो लिहिलं होतं. टेअर म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन. अरबीत मी 'रिकामं वजन' असं सरळ लिहिलं, पण इंग्रजीतला तो टेअर मुळात अरबी 'तरहा'पासून आलाय. तरहा म्हणजे वजा टाकलेलं. अरबांचा शब्द युरोपची वारी करून दारावर रंगवून परत आला आणि मी त्याला ओळख न दाखवता दुसराच शब्द वापरला.

'मार्क्स अँड नंबर्स'च्या रकान्यात बॉक्सवरचे अनुक्रमांक होते, एक ते पंधराशे चाळीस. अरबी शब्दापुढे 1-1540 टाइप केलं की स्क्रीनवर ते 1540-1 दिसतं, कारण ओळ उजवीकडून धावते. मी दचकलो आणि उलटं टाइप करून 'सुधारलं'. वास्तविक आधीचंच बरोबर होतं, कारण वाचणाराही उजवीकडूनच वाचणार. हिशेबनीस मिसरी आणि मिश्कील. त्याने विचारलं, तुमच्या गावात बॉक्स शेवटापासून मोजतात का? तेव्हापासून मी रेघ मारत नाही, 'मिन 1 इला 1540' असं शब्दांत लिहितो.

आणि मग आलं ते वाक्य, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता. 'सेड टु कंटेन १५४० बॉक्सेस', आणि त्याखाली, 'शिपर्स लोड, स्टो अँड काउंट'.

माल भाच्याच्या पॅकहाऊसमध्ये, त्याच्याच माणसांनी, त्याच्याच मोजणीने भरला आणि दाराला सील ठोकलं. जहाजवाल्याने पाहिला तो फक्त बंद डबा. म्हणून तो म्हणतो, आत १५४० आहेत असं पाठवणारा सांगतो, मी मोजलेले नाहीत. अरबीत 'युकाल इन्नहा तहतवी अला'. आणि मराठीत याला एकच शब्द पुरतो: म्हणे. आत १५४० बॉक्स आहेत म्हणे.

"मामा, ते 'म्हणे' काढून टाका ना," भाचा म्हणाला. "वाईट दिसतं. आणि जहाजवाल्याने वीस बॉक्स भरून दिले तर बरंच आहे."

"सील कसं होतं?"

"शाबूत होतं. ते पण मान्य करतात."

"मग बॉक्स वाटेत उडून गेले काय? सील शाबूत आणि माल कमी म्हणजे भांडण तुझं आणि व्यापाऱ्याचं. जहाजवाला त्यात नाही. 'म्हणे' गाळलं तर ते भाषांतर राहणार नाही, खोटी साक्ष होईल."

तो गप्प झाला. मला वाईट वाटलं आणि मी वजनकाट्याची पावती मागितली. जहाजावर चढण्याआधी भरलेल्या कंटेनरचं खरं वजन कळवायची सक्ती १ जुलै २०१६ पासून जगभर आहे, त्यामुळे ती पावती असतेच. ट्रक वजा जाता कंटेनर भरला होता २६,२२० किलो. त्यातून दारावरचे ४६४० काढले, राहिले २१,५८०. एक भरलेला बॉक्स १४.२ किलोचा. भागाकार केला.

१५१९.७. काट्याचं चार-पाच किलो इकडेतिकडे धरलं तर सरळ १५२०. निघतानाच वीस कमी होते.

"बीएलचा मसुदा कधी पाठवलास?"

"भरायच्या आदल्या दिवशी. पॅकिंग लिस्टवरून. सगळेच पाठवतात, मामा."

"मग वीस बॉक्स कुठे गेले?"

"शेवटची गाडी उशिरा आली… कंटेनर थांबेना… मागे राहिले असतील." मग आवाज बारीक झाला. "गावात वाटले थोडे. पाव्हण्यारावळ्यांना."

मी फोन ठेवला आणि 'म्हणे' आहे तिथेच ठेवून कागद दम्मामला पाठवून दिला. गॅलरीत गेलो. तो रिकामा बॉक्स बायकोने कुंडीखाली आडवा घातला होता. कुंडी उचलून पाहिलं. बाजूच्या पांढऱ्या पट्टीवर, जरा ओला झालेला पण स्वच्छ वाचता येणारा आकडा होता: १५३१.