Thane@2024 का फुटतो आणि साधे शब्द कधी टिकतात

«कॅपिटल, आकडा आणि @ घालून Thane@2024 असा पासवर्ड ठेवा, फोडायला शेकडो वर्षं लागतील. साधे शब्द जोडू नका, डिक्शनरी अटॅकमध्ये लगेच सापडतात.» (ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज)

वर्षानुवर्षं कधी लागतील? फोडणारा दहाही जागांवर कीबोर्डवरचं प्रत्येक चिन्ह घालून बघत बसला तर. तसं कोणी करत नाही. ऐरोलीतल्या आमच्या लॅबमध्ये लेखी परवानगी घेऊन, सरावासाठीच उघडलेल्या विंडोज खात्यांचे एनटीएलएम हॅश, म्हणजे विंडोज पासवर्डाऐवजी साठवतं ते त्यावरून काढलेलं, उलट न फिरवता येणारं रूप, आम्ही हॅशकॅट या पासवर्ड फोडणाऱ्या प्रोग्रामला देतो आणि सोबत पासवर्डचा साचा, म्हणजे मास्क, देतो:

```
hashcat -m 1000 -a 3 hashes.txt '?u?l?l?l?l?s?d?d?d?d'
```

एक कॅपिटल, चार लहान अक्षरं, एक चिन्ह, चार आकडे. अशा शक्यता होतात सुमारे ३.९ लाख कोटी. प्रत्येक अंदाजाचा हॅश काढून जुळवून बघायचा असतो आणि एनटीएलएम हॅश झटपट काढता येतो, त्यामुळे एक दमदार ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १० हजार कोटी अंदाज सहज तपासतं. चाळीसेक सेकंदांत साचा संपतो. Thane@2024 बरोबर Vashi@1998 आणि Nerul#2023 सुद्धा त्यातच पडतात.

खरं तर एवढीही गरज नसते. शब्दयादीत नुसतं thane असलं तरी हा रूल, म्हणजे शब्दात बदल करायचा नियम, पुरतो:

```
c $@ $2 $0 $2 $4
```

c पहिलं अक्षर मोठं करतो, प्रत्येक $ शेवटी एक चिन्ह जोडतो. मधल्या a च्या जागी @ घातलात, तर त्यासाठी sa@ आहेच. माणसं कुठे काय जोडतात, हे २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून फुटलेल्या पासवर्डांसारख्या याद्यांनी केव्हाच दाखवून दिलंय.

शब्दांबद्दलचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. अभंगाचा चरण किंवा गाण्याची ओळ घेतलीत, तर ती यादीत अख्खी सापडू शकते. फाशांनी निवडलेल्या शब्दांचं तसं नाही. पाच फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून एक शब्द निघतो. ही यादी फोडणाऱ्याच्या हातात आहे असंच धरा. तरीही पुढचा प्रत्येक शब्द त्याचं काम ७,७७६ पटीने वाढवतो. वरच्याच वेगाने चार शब्दांचे सगळे जोड तपासायला सुमारे दहा तास लागतात, म्हणजे एनटीएलएमसाठी चार कमीच. पाच शब्दांना नऊ वर्षं, सहांना सुमारे सत्तर हजार. रूल इथे उपयोगी पडत नाहीत, उलट शक्यता वाढवतात.

हॅशच मुद्दाम संथ असेल, उदाहरणार्थ बीक्रिप्ट आणि त्याचा संथपणा ठरवणारा कॉस्ट १२, तर तेच कार्ड सेकंदाला हजार-दीड हजार अंदाजांवर येतं आणि चार शब्दही हजारो वर्षं टिकतात. पण साइट कुठला हॅश वापरते ते आपल्याला दिसत नाही. म्हणून पासवर्ड मॅनेजरच्या मुख्य पासवर्डाला मी सहा शब्दच सांगते. आणि फाशांनी दिलेला शब्द आवडला नाही म्हणून बदलू नका. तिथे निवड पुन्हा आपल्या सवयीची होते आणि वरचा सगळा हिशेब कोसळतो.