सम तारीख, विषम पाहुणे

नाशिकात राहणाऱ्याला पाहुण्यांचा असा वेगळा हंगाम नसतो. त्र्यंबकेश्वर, काळाराम, द्राक्षं, चिवडा, काही ना काही बाराही महिने चालू असतं. पूर्वी पाहुण्यांना रस्ता सांगावा लागायचा. आता तो मोबाइल सांगतो. आमच्याकडे उरलंय ते पार्किंगचा बोर्ड वाचून द्यायचं काम. तेही फोटोवरून, पाहुण्याची गाडी भर रस्त्यात उभी असताना आणि मागचे रिक्षावाले हॉर्नवरून हात काढायला तयार नसताना.

परवा बडोद्याहून आत्येभाऊ सुहास आला होता. आत्याला तांब्याचा हंडा घ्यायचा होता, म्हणून दर्शन आटोपून मंडळी भांडी बाजाराकडे निघाली. गाडी आत गल्लीत नेऊ नको, रविवार कारंज्याच्या आसपास कुठेतरी लाव आणि चालत जा, एवढं मी बजावलं होतं. थोड्याच वेळात व्हॉट्सअॅपवर फोटो आला. खाली प्रश्न : "दादा, इथे चालेल ना?"

फोटोत खांब होता. खांबावर एका भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. भाऊंच्या खांद्यामागून निळी गोल पाटी डोकावत होती आणि तिच्या खाली मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन ओळींची दुसरी पाटी. मराठी ओळीच्या डोक्यावर पानाची पिंक. हिंदी ओळ उन्हाने उडालेली. इंग्रजी तेवढी ठळक, पण तिची सुरुवात भाऊंच्या दंडाखाली गेलेली. उरलेलं वाचलं तर 'पार्किंग ऑन इव्हन डेट्स'.

"आज 14 तारीख," सुहासने फोन केला. "सम. म्हणजे लावायची. इंग्रजीत स्वच्छ लिहिलंय."

अशा वेळी अक्षरांकडे जाऊच नये. आधी वरचं चित्र बघावं, कारण चित्राला भाषा नसते आणि भाऊ कितीही मोठे असले तरी सगळं चित्र झाकू शकत नाहीत. गोल पाटी, तांबडी कड आणि निळ्यावर एकच तांबडी तिरकी रेघ, म्हणजे नो पार्किंग. दोन रेघांची फुली असेल तर थांबायलाच मनाई, माणूस उतरवायलाही नाही. परवानगीची पाटी चौकोनी असते, निळ्यावर पांढरा 'पी'. आता वर तांबड्या कडेची गोल पाटी असताना खालची ओळ 'लावा' असं सांगूच शकत नाही. खालची पाटी वरच्या मनाईला अटी घालते : कधी, कुठून कुठपर्यंत, कोणत्या गाडीला. वरचीला ती उलटं बोलत नाही. (आमच्या घरात सासू-सुनेची व्यवस्था याच तत्त्वावर ठरली होती, पण टिकली नाही.) तेव्हा भाऊंच्या दंडाखाली 'नो' असणार, हे फ्लेक्स न उचलताही कळतं.

"पण दादा, मराठीत काय आहे?"

फोटो मोठा केला. पिंकेखालून 'म तारखेस या बाजूस' एवढं निघालं. 'सम' असेल नाहीतर 'विषम', कारण दोन्हींच्या शेवटी 'म'च. इथे अंदाज कामाचा नाही. एकाची मनाई म्हणजे दुसऱ्याची मोकळीक, आणि चुकलं की पाचशे रुपये. इंग्रजीतलं 'इव्हन' होतंच, पण खात्रीचा उपाय वेगळा. सम-विषमच्या पाट्या जोडीने लावलेल्या असतात. एका बाजूला सम तारखांना बंद, तर समोरच्या बाजूला विषम तारखांना. एक पुसली गेली तर दुसरीवरून हिशेब लागतो.

"समोरच्या बाजूच्या बोर्डाचा फोटो पाठव."

पहिला फोटो आला तो पानटपरीचा. दुसऱ्यात आत्या होती. तिसऱ्यात बोर्ड. आणि त्यावर, देवाची कृपा, मराठीत स्वच्छ 'विषम तारखेस'. म्हणजे सुहास उभा होता ती बाजू 14 ला बंद आणि समोरची उघडी.

एवढ्यात फोनमध्ये आत्या आली. "अरे, पण आज एकादशी आहे ना? अकरा म्हणजे विषम. मग इथे का नाही चालणार?"

आत्याला मी समजावलं की ट्रॅफिकवाले पंचांग वापरत नाहीत. तिला ते फारसं पटलं नाही. "मी गाडीतच बसते," ती म्हणाली, "म्हणजे ती लावलेली नाही, थांबलेली आहे." हा युक्तिवाद नाशिकमध्ये रोज शेकडो आत्या करत असतील. एका रेघेच्या पाटीखाली माणसं उतरवण्याचढवण्यापुरतं थांबणं वेगळं आणि हंड्याचा भाव ठरेपर्यंत बसून राहणं वेगळं. आमच्या आत्याचा भाव कधी ठरतो हे सगळ्या खानदानाला माहीत आहे.

गाडी समोर गेली. पुन्हा फोटो. या वेळी मी विचारलं, "बोर्डच्या खाली अजून काही आहे का? खांब जमिनीपर्यंत दाखव." फोटो काढणारा माणूस मोठी पाटी चौकटीत बसवतो आणि खालची चिमुकली पट्टी हमखास कापतो, आणि दंड नेमका त्या पट्टीवर असतो. होतीच. निळ्यावर पांढरा 'पी', स्कूटरचं चित्र, 'फक्त दुचाकी', आणि डावीकडे बाण.

"बाण डावीकडे आहे," सुहास म्हणाला. "म्हणजे मी उजवीकडे घेतो."

"कोणाच्या उजवीकडे?"

बाण वाचायचा तो बोर्डाकडे तोंड करून. गाडीत बसलेल्याची डावी बाजू गाडीच्या तोंडाप्रमाणे फिरते, बोर्डाची फिरत नाही. सुहासने वळून गाडी लावल्यामुळे त्याची पाठ बोर्डाकडे होती, आणि तो ज्याला उजवं म्हणत होता तिथेच बाण रोखलेला. मग डावं-उजवं सोडून दिलं. "फोटोत बाणाच्या टोकाकडे कुठलं दुकान दिसतंय?"

"चपलांचं."

"आणि शेपटाकडे?"

"पैठणीचं."

"पैठणीकडे लाव." चपलांपासून पुढचा पट्टा दुचाक्यांचा. पैठणीच्या बाजूला बाण जात नव्हता, म्हणजे तिथे फक्त तारखेची अट, आणि ती आज आपल्या बाजूची. तरी कडेला पिवळा पट्टा नाही ना, कोणाचं गेट अडत नाही ना, कोपरा फार जवळ नाही ना, हे विचारून घेतलं. सगळ्याला 'नाही' आलं. गाडी लागली. वहिनींनी हिशेबी आवाजात विचारलं, "रात्री बारानंतर काय?" बारानंतर 15 तारीख लागते आणि हीच बाजू बंद होते. सम-विषमच्या रस्त्यावर रात्रभर गाडी ठेवणारा माणूस झोपेत गुन्हेगार होतो. पण हंडा रात्री बारापर्यंत मिळावा अशी आशा होती.

मिळाला. साडेसातला मंडळी घरी आली. येताना टोइंगची गाडी बघून आली होती. पलीकडच्या बाजूने, भाऊंच्या फ्लेक्सखालून, एक पांढरी गाडी उचलली जात होती. तिच्या मालकाने बहुतेक नुसतं इंग्रजी वाचलं असावं. आत्याने ते दृश्य चहा होईपर्यंत तीनदा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी गाडी थोडी मोठी झाली.

सुहासला मात्र चैन पडेना. हल्ली काचेवर पावती लावत नाहीत, लांबून फोटो काढतात आणि चलान नंतर मोबाइलवर येतं, हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. खरंच आहे ते. पहिल्यांदा पाचशे, पुन्हा सापडलात तर दीड हजार, आणि गाडी उचलली तर तिचे वेगळे. मी म्हटलं, बघून टाक. `echallan.parivahan.gov.in` उघडलं, गाडीचा जीजे-06 चा नंबर टाकला, चासीचे आकडे टाकले. ओटीपी आला. सुहासने आवंढा गिळला.

एक चलान बाकी होतं. नो पार्किंगचंच.

"बघ दादा, मी म्हणत होतो!"

मी तारीख बघितली. मार्चमधली. ठिकाण बघितलं.

"सुहास," मी म्हटलं, "अलकापुरी नाशिकमध्ये कुठे आली?"

तो गप्प झाला. आत्या हंडा पुसता पुसता म्हणाली, "तिथला बोर्ड गुजरातीत होता ना रे?"