ऑगस्टचे ४०० वॉट आणि साडेतीनची सावली

★☆☆☆☆ "तीन किलोवॉटचे पैसे घेतले, ऑगस्टमध्ये इन्व्हर्टरवर फक्त ४०० वॉट दिसत होते. पावसामुळे म्हणाले, मानलं. आता ऑक्टोबरचं कडक ऊन आहे तरी साडेतीननंतर जवळपास अर्धंच पडतंय. पॅनल डुप्लिकेट आहेत की इन्व्हर्टर बंडल आहे? दोन्ही वेळचे आणि दुपारी बाराचा असे फोटो टाकलेत."

साहेब नमस्कार, फोटो टाकलेत ते फार बरं केलंत, कारण दोन्ही फोटोतला आजार वेगवेगळा आहे आणि एकात चूक आमची आहे, ते खाली लिहितोच.

आधी ऑगस्टचा फोटो. त्यात Pac, म्हणजे इन्व्हर्टरमधून त्या क्षणी बाहेर पडणारे वॉट, ४०५ दिसतंय आणि सगळे तेवढंच बघतात, पण बटण दाबत पुढे गेलं की Vpv आणि Ipv येतं, खरी गोष्ट तिथे असते. तुमच्या फोटोत Vpv २३४ आहे आणि Ipv १.८. Vpv म्हणजे सहाही पॅनलच्या माळेचा मिळून व्होल्टेज, Ipv म्हणजे त्या माळेतून येणारा करंट. व्होल्टेज मुख्यतः पॅनल किती आणि ते किती तापलेत यावर ठरतो, उजेड कमी झाला तरी तो फारसा हलत नाही. करंट मात्र सरळ उजेडाच्या हिशोबाने चालतो. पॅनलच्या मागच्या स्टिकरवर बघा, करंट साधारण १३ अँपिअर लिहिलाय, तो भर उन्हाचा. १.८ आला म्हणजे त्या क्षणी गच्चीवर उजेडच सातव्या हिश्श्याचा होता. २३४ गुणिले १.८ म्हणजे ४२१, त्यातलं थोडं इन्व्हर्टर खातो, उरले ४०५. व्होल्टेज जागेवर आणि करंट पडलेला म्हणजे वर ढग, बाकी काही नाही. पॅनल डुप्लिकेट असते तर भर दुपारीही करंट चढला नसता, आणि तुमच्याच दुपारी बाराच्या फोटोत २२० व्होल्ट आणि ११.५ अँपिअर आहे, म्हणजे अडीच हजार वॉटच्या आसपास. (उन्हात व्होल्टेज उलट कमी दिसतोय ना, ते पॅनल तापल्यामुळे, घाबरू नका.)

आता साडेतीनचा फोटो. हा मी तीनदा झूम करून बघितला. Vpv १४८, Ipv ६.१. दुपार कलल्यावर करंट सहावर येणं बरोबरच आहे, पण व्होल्टेज २२० चा १४८ का? बरोबर एक तृतीयांश गायब, म्हणजे सहातले दोन पॅनल माळेतून बाहेर. पॅनल एकामागे एक जोडलेले असतात, सगळ्यांतून एकच करंट जातो, त्यामुळे एकावर सावली पडली की तो बाकीच्यांना अडवतो. तसं होऊ नये म्हणून प्रत्येक पॅनलच्या मागच्या डबीत बायपास डायोड असतात, ते करंटला बाजूने वाट देतात, पण मग त्या भागाचा व्होल्टेज हिशोबातून जातो. म्हणून आकाश निरभ्र आणि व्होल्टेज असा पायरीने खाली आला की आधी सावली शोधायची. काही वेळा उलटही दिसतं, व्होल्टेज टिकतो आणि करंटच अचानक निम्म्यावर येतो, म्हणून आकडे बघितल्यावर वर जाऊन डोळ्यांनीही बघावं लागतं.

काल आमचा मुलगा येऊन गेला तुमच्याकडे, सावली तुमच्या पाण्याच्या टाकीचीच आहे, दोन पॅनलच्या खालच्या अंगावर पडते. आता आमची चूक. सर्व्हे आम्ही मे महिन्यात केला, तेव्हा आपल्या साताऱ्यात दुपारी सूर्य डोक्यावर असतो, सावली पायाखाली, आणि संध्याकाळी तो वायव्येकडे कलतो त्यामुळे टाकीची सावली पॅनलच्या बाजूने निघून जायची. ऑक्टोबरात सूर्य दक्षिणेकडे सरकला, साडेतीनला नैऋत्येला आला आणि टाकी बरोबर मध्ये. हे सर्व्हेतच धरायला हवं होतं, धरलं नाही. डिसेंबरात सावली अजून लांबेल आणि लवकर सुरू होईल. ते दोन पॅनल पूर्वेच्या कठड्याकडे हलवून देतो, स्ट्रक्चर आणि वायरिंगचा खर्च आमचा, रविवारी चालेल का?

तुमचं सध्याचं नुकसान दिवसाला अंदाजे अर्धा युनिट आहे, अर्धं उत्पादन नाही. कारण Pac हा त्या क्षणाचा आकडा आहे, ढग सरकला की बदलतो, दिवसभराचा हिशोब E-Today मध्ये असतो. तो अंधार पडायच्या आत बघा, रात्री डिस्प्ले बंदच होतो कारण तो पॅनलवरच चालतो (रात्री अकराला "मशीन मेलं" म्हणून फोन आलेत आम्हाला). निरभ्र दिवशी १२ च्या आसपास युनिट यायला हवेत, झडीच्या दिवसात ३-४ वर समाधान मानायचं.

पॅनल हलवल्यावर साडेतीनला परत फोटो काढा, Vpv २०० च्या वर दिसला पाहिजे, नाही दिसला तर हाच रिव्ह्यू राहू द्या.