सगळंच छत्री

एआय मॉडेल फोनवर चालवायचं म्हटलं की लोकांना वाटतं काय, फाइल कॉपी करायची आणि झालं. आमच्या मॅनेजर सरांचंही तेच मत. घरातली वस्तू कॅमेऱ्यासमोर धरली की ॲपने नाव सांगायचं, पण नेट न वापरता, फोन न तापवता, आणि ॲपची साइज वाढली तर सर वाढीव साइजचा स्क्रीनशॉट पाठवणार. मॉडेल तसं बारकंच होतं, मोबाइलनेट व्ही2, साधारण 35 लाख वेट्स, म्हणजे ट्रेनिंगमध्ये शिकलेले आकडे. प्रत्येक वेट 32 बिटचा म्हणजे 4 बाइट, म्हणून फाइल 14 एमबी. तेच आकडे 8 बिटमध्ये कोंबले की 3.5 एमबी, शिवाय फोनमधल्या एआय चिपला पूर्णांकच आवडतात त्यामुळे स्पीडही मिळतो. नव्याने ट्रेनिंग नाही, डेटा परत गोळा करणं नाही, तयार मॉडेल घ्यायचं आणि कन्व्हर्टरमधून काढायचं. सर म्हणाले, "मग अर्ध्या तासाचं काम आहे की." हे वाक्य ज्या कामाबद्दल बोललं जातं त्या कामाचा त्या आठवड्यात निकाल लागत नाही, हा माझा अनुभव.

कन्व्हर्टरने एकही एरर दिली नाही. ॲप उघडलं, खुर्चीवर धरलं, उत्तर आलं छत्री. किटलीवर धरलं, छत्री. टेस्टिंगमधल्या मैत्रिणीने कॅमेरा माझ्या तोंडाकडे वळवला, तर मीपण छत्री, आणि तिला ते उत्तर फारसं चूक वाटलं नाही. गंमत म्हणजे खुर्ची काय, किटली काय, मी काय, स्कोअर दशांशापर्यंत तोच. आता हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: मॉडेल नुसतं चुकत असेल तर चुका वेगवेगळ्या येतात, पण फोटो बदलूनही आकडा हलत नसेल तर फोटोतली माहिती मधेच कुठेतरी मेलीये आणि शेवटी फक्त बायस, म्हणजे फोटो कुठलाही असो तोच मिळवला जाणारा आकडा, बोलतोय.

हा प्रकार आमच्याच नशिबी आलेला नाही बरं का. 2019 साली क्वालकॉममधल्या संशोधकांनी याच मोबाइलनेट व्ही2 चे आकडे छापलेत: इमेजनेट या फोटोंच्या संचावर मूळ अचूकता 71.7 टक्के, सरळ 8 बिट केल्यावर 0.1 टक्का. इमेजनेटमध्ये 1000 वर्ग आहेत, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवलं तरी 0.1 टक्का येतोच! इतकं शिकवून सवरून मॉडेल डोळे मिटलेल्या माणसाच्या बरोबरीला आलं.

मग बसलो मॉडेलमधला हिशोबाचा एकेक थर, म्हणजे लेयर, तपासत. एकच फोटो मूळ आणि 8 बिटच्या अशा दोन्ही मॉडेलना द्यायचा आणि प्रत्येक लेयरमधून बाहेर पडणारे आकडे शेजारी शेजारी मांडायचे, कंटाळवाणं काम आहे पण दुसरा शॉर्टकट मला तरी माहीत नाही. सुरुवातीच्याच एका डेप्थवाइज लेयरला चोर सापडला. या लेयरमध्ये आकडे चॅनल नावाच्या वेगवेगळ्या प्रवाहांत वाहतात आणि प्रत्येक चॅनलचे स्वतःचे फक्त नऊ वेट्स असतात. एका चॅनलचे वेट्स 12.7 पर्यंत गेलेले आणि शेजारच्याचा सगळ्यात मोठा वेट 0.04! आणि आमच्या चिपच्या कन्व्हर्टरचा नियम असा की अख्ख्या लेयरला स्केल, म्हणजे मोजपट्टी, एकच. 8 बिटमध्ये शून्याच्या दोन्ही बाजूंना 127 पायऱ्या मिळतात, तेव्हा 12.7 भागिले 127, एक पायरी 0.1 ची. पायरीच्या निम्म्याहून कमी जे काही असेल ते राउंड होऊन शून्य. 0.04 वाला चॅनल पुरताच साफ, नऊच्या नऊ शून्य. ट्रकच्या वजनकाट्यावर चिमूटभर मोहरी ठेवायची आणि मोहरीला वजनच नाही असं लिहून मोकळं व्हायचं, तसला कारभार.

एवढा फरक येतो कुठून? ट्रेनिंगमध्ये लेयरमागे बॅच नॉर्म असतो, तो प्रत्येक चॅनलच्या आकड्यांना त्या चॅनलच्या पसाऱ्याने भागून एका पातळीवर आणतो. फोनसाठी तो वेगळा ठेवत नाहीत, त्याचं गणित आधीच्या वेट्समध्येच मुरवतात. मग ज्या चॅनलचा पसारा नगण्य, त्याला नगण्य आकड्याने भागल्यामुळे त्याचे वेट्स फुगतात, आणि एका फुगलेल्यापायी बाकीचे गरीब मरतात, सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ना.

सरळ उपाय म्हणजे प्रत्येक चॅनलला वेगळा स्केल द्यायचा. बरीच टूल्स हे मुकाट्याने करतात. आमच्या चिपवाल्यांना मेल टाकला तर उत्तर आलं की ही सोय "पुढच्या पिढीत" आहे. चिपच्या की माझ्या, ते लिहिलं नव्हतं.

मग त्याच 2019 च्या पेपरातली युक्ती वापरली, आणि ती इतकी साधी आहे की मला जरा रागच आला. दोन लेयरमध्ये रेलू असेल तर एखाद्या चॅनलला आधी 10 ने भागा आणि पुढच्या लेयरमध्ये त्याच चॅनलला 10 ने गुणा, अंतिम उत्तर तेच राहतं, कारण रेलू फक्त ऋण आकडे शून्य करतो, बाकीच्यांना हात लावत नाही. आता आमचा फुगलेला: इकडे 12.7, पुढच्या लेयरमध्ये त्याचे वेट्स 0.127 पर्यंत. 10 ने भागा-गुणा, दोन्हीकडे 1.27. तो मेलेला: इकडे 0.04, पुढे 4. त्याला 0.1 ने भागा-गुणा, दोन्हीकडे 0.4. आता लेयरमधला सगळ्यात मोठा आकडा 1.27, पायरी झाली 0.01 ची, आणि मगाशी शून्य झालेल्या चॅनलला 40 पायऱ्या मिळाल्या. ट्रेनिंग नाही, एक फोटोसुद्धा लागला नाही, फक्त बायसही त्याच आकड्याने भागायला विसरायचं नाही. मोबाइलनेटमध्ये साध्या रेलूऐवजी 6 वर छाटणारा रेलू6 असतो, तिथे हे गणित बिघडतं, म्हणून त्याजागी साधा रेलू बसवावा लागतो. पेपरात या युक्तीने आणि बायसच्या थोड्या दुरुस्तीने अचूकता 71.2 टक्क्यांवर परत आली. आमच्याकडेही खुर्ची खुर्ची झाली.

"मग अचूकता किती गेली?" सरांना एकच आकडा हवा. दिला, टक्क्याच्या आसपास. पण खरं सांगायचं तर हा आकडा जरा लबाड आहे. काही बरोबर उत्तरं चुकीची होतात, काही चुकीची उत्तरं नशिबाने बरोबर होतात, आणि वजाबाकी करून आपण निवांत. त्यापेक्षा जुन्या-नव्या मॉडेलची उत्तरं किती फोटोंवर वेगळी आली ते मोजा, ते नेहमी त्या टक्क्याएवढं किंवा त्याहून जास्तच निघतं. बदलतात ते मुख्यतः काठावरचे फोटो, जिथे मूळ मॉडेललाही किटली की पाण्याचा जग असा संशय होता. एक राउंडिंग इकडचं तिकडे झालं की जग.

हे सगळं पार पडल्यावर टेस्टिंगवाल्या मैत्रिणीने नवा बग टाकला: "ॲप कधीच 100 टक्के खात्री दाखवत नाही, 99.6 वर अडकतं. प्रायॉरिटी हाय." आता 8 बिटमध्ये एकूण 256 घरं, पहिलं घर शून्याचं, एका घराची किंमत 1/256, म्हणजे शेवटचं घर 255/256, झाले 99.6. त्याच्या वर आकडाच नाही. हे मी तिला नीट समजावून सांगितलं, तिने नीट ऐकून घेतलं आणि बग सरांच्या नावावर टाकला. सर म्हणाले, "डिस्प्लेमध्ये 0.4 मिळव ना, अर्ध्या तासाचं काम आहे."