पेरलंच नाही त्या वर्षाचं शून्य

आज परत हात हलवत आलो. बाबांना मोटरसायकलवर मागे बसवून भर उन्हात बँकेत नेलं आणि तसंच परत आणलं. महिन्याभरातली ही चौथी खेप. घरी येऊन बाबा काही न बोलता पेज जेवले आणि आडवे झाले. मला मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही.

गोव्यात पेडण्याला शापोरा नदीच्या काठाला आमचं खाजन, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेलं शेत आहे, एक-चौदाच्या उताऱ्यावर 9,800 चौरस मीटर, म्हणजे हेक्टरला थोडं कमी. पॉवर टिलर घ्यायचा आहे. किंमत दोन लाखांच्या आसपास. थोडे पैसे पदरचे, थोडी सबसिडी, बँकेकडे मागणी फक्त एक लाख वीस हजारांची. मॅनेजरसाहेब म्हणाले, "अर्जाबरोबर गेल्या आठ वर्षांच्या उत्पन्नाचा लाइन चार्ट लावा, एका नजरेत कळलं पाहिजे." बरं, लावतो.

बाबांनी सगळं वहीत लिहून ठेवलं आहे. लाल पुठ्ठ्याची, कोपरे कुरतडलेली वही. किती पोती भात आलं, किती घरी ठेवलं, किती विकलं, मजुरी कोणाला किती. ती वही घेऊन मी म्हापशाला टायपिंगवाल्याकडे गेलो. त्याने पाच मिनिटांत रंगीत चार्ट काढला, पन्नास रुपये घेतले. मीही नीट न बघता फाइलला लावला. चूक माझी, मान्य.

साहेबांनी अर्ज वाचलाच नाही. दोन पानं मी रात्र जागून लिहिली होती. त्यांनी थेट चार्टवर बोट ठेवलं. "ये देखो, 2021 में तो पूरा गिर गया. ज़ीरो." आणि फाइल बंद.

शून्य! अहो, मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं ते आठवतंय ना? आमचा बांध त्यातच फुटला आणि भरतीचं खारं पाणी शेतात शिरलं. जूनमध्ये पेरणार काय, मीठ? त्या वर्षी शेत पेरलंच नाही. बाबांनी वहीत आडवी रेघ मारली होती. टायपिंगवाल्याने ती रेघ तशीच एक्सेलच्या चौकटीत टाइप केली. आणि एक्सेलची खोड अशी की चौकटीत आकड्याऐवजी अक्षर किंवा रेघ असली की लाइन चार्टमध्ये त्याचं शून्य होतं. चौकट रिकामी ठेवली असती तर रेषा तिथे तुटली असती आणि पुढच्या वर्षी परत सुरू झाली असती. एका रेघेपायी आमचं शेत कागदावर खड्ड्यात गेलं.

बाबा साहेबांसमोर एवढंच म्हणाले, "पेरलंच नाय तर शून्य कसं रे?" मॅट्रिकही न झालेल्या माणसाला जे कळतं ते त्या काचेच्या केबिनमध्ये कळत नाही. पेरून काही हाती आलं नाही, तर शून्य. पेरलंच नाही, तर त्या वर्षी शेताची परीक्षाच झाली नाही. गैरहजर मुलाला नापास करता का तुम्ही?

आता खरं सांगायचं तर साहेबांची बाजूही थोडी आहे. पीक आलं नाही म्हणजे पैसाही आला नाही, आणि हप्ता काही बांध फुटला म्हणून थांबत नाही. हे विचारायचा त्यांना हक्क आहे. पण विचारा ना! बांध कशाने फुटला, कोणी बांधला, परत फुटेल का, मानशीची, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या झडपेची, दारं कशी आहेत, हे विचारलं असतं तर उत्तर होतं. आम्हा शेतकऱ्यांच्या टेनंट असोसिएशनने बांध दुरुस्त केला, मानशीला नवी फळी बसवली. विभागीय कृषी कार्यालयाचा पंचनामा आणि नुकसानभरपाईचे कागद फाइलमध्येच होते, चार्टच्या मागच्याच पानावर. पान उलटायला काय जातं?

दुसऱ्या खेपेसाठी चार्ट परत काढायला बसलो. या वेळी मी स्वतः शेजारी. रेघ काढून चौकट रिकामी केली, `Select Data` मधल्या `Hidden and Empty Cells` मध्ये `Gaps` निवडलेलं आहे ना तेही बघितलं. तरी रेषा विचित्रच. 2019 ला 38 आणि 2020 ला एकदम 54. मला क्षणभर आनंद झाला, मग लक्षात आलं. वहीत पोती लिहिलेली आहेत. 2019 पर्यंत आमच्याकडे गोणपाटाची पोती होती, एकेकात पासष्ट किलो भात मावायचं. 2020 पासून प्लास्टिकची, पन्नास किलोची. भात वाढलं नव्हतं, पोतं लहान झालं होतं. किलोत करून बघितलं तर 2019 चे जेमतेम 25 क्विंटल आणि 2020 चे 27. एवढाच फरक. पोत्यांचा चार्ट दिला असता तर साहेब खूश झाले असते हो, आणि आम्ही खोटे ठरलो असतो. शेतकऱ्याच्या वहीवरून चार्ट काढणाऱ्या प्रत्येकाने आधी विचारावं, पोतं केवढं होतं.

मग सगळं क्विंटलमध्ये आणलं. 2017 ते 2020 या चार वर्षांत 26, 28, 25, 27. 2021 रिकामं. 2022 ला 18, कारण खारवलेली जमीन एका पावसात गोडी होत नाही. पावसाचं पाणी शेतात कोंडून ठेवायचं, मीठ त्यात उतरलं की ओहोटीला मानस उघडून ते सोडायचं, परत कोंडायचं. आमचं कोरगुट जातीचं भात खारटपणा सोसतं म्हणून तेवढं तरी आलं. 2023 ला 25, 2024 ला परत 27. जमीन होती तिथे परत आली. ही खरी गोष्ट होती, बँकेला सांगण्यासारखी.

पण टायपिंगवाल्याला हौस! "लाइन नीट दिसत नाही, सपाट दिसते" म्हणून त्याने `Format Axis` मध्ये जाऊन `Minimum` ला 15 टाकलं. मी कागद घेतला आणि निघालो, अक्षाकडे बघितलंच नाही. आता उभी पट्टी पंधरापासून तीसपर्यंत. त्यामुळे 28 चे 25 झाले ते कड्यावरून पडल्यासारखं दिसतं आणि 2022 चे 18 तर तळाला टेकलेले. साहेब म्हणाले, "बहुत ऊपर-नीचे है, रिस्की है." अहो, तीन क्विंटलचा फरक आहे! पट्टी शून्यापासून घेतली की तीच रेषा आमच्या अंगणासारखी दिसते, थोडी उंचसखल, पण सपाट. साहेबांनी डाव्या बाजूचे आकडे वाचले नाहीत. मीही वाचले नव्हते, पण मी कर्ज देणारा नाही ना!

सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते तिसऱ्या खेपेला. बाकावर बसलो होतो, तिथे बँकेतलेच एक जुने कारकून भेटले, आमच्याच बाजूचे. त्यांनी हळूच सांगितलं की पीक कर्ज असतं तर या चार्टची गरजच नव्हती. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरते ती क्षेत्र गुणिले त्या पिकाला जिल्ह्याने ठरवलेला हेक्टरी खर्च, वर घरखर्चासाठी दहा टक्के, अवजारांच्या देखभालीसाठी वीस टक्के. तुमच्या शेतात किती पिकलं हे त्यात येतच नाही. आणि टिलरसारख्या मुदत कर्जाला बघायचं असतं ते हप्ता फेडायची ताकद. ती क्विंटलमध्ये नसते, रुपयांत असते.

म्हणजे महिनाभर आम्ही चुकीच्याच रेषेवरून भांडत होतो!

त्या रात्री वही घेऊन बसलो. 27 क्विंटलमधले सहा घरी खायला, 21 विकायला. आम्हाला किलोला बावीस रुपये मिळाले, म्हणजे 46,200. खत, मजुरी, नांगरणी मिळून खर्च तीस हजार. राहिले सोळा हजार. नुसत्या भातावर टिलरचा हप्ता कोणीच फेडू शकत नाही, मग रेषा कितीही सुंदर असो. हप्ता फिटणार तो टिलर भाड्याने देऊन. आमच्या वाड्यावर नांगरणीला यंत्र वेळेवर मिळत नाही, पावसाच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांची एकदमच घाई. हंगामात 120 तास धरले, तासाला पाचशे, साठ हजार. डिझेल, ऑइल, दुरुस्ती बावीस हजार. हातात अडतीस. भाताचे सोळा मिळवले की चोपन्न. पाच वर्षांच्या कर्जाचा पहिल्या वर्षीचा हप्ता व्याजासकट साधारण छत्तीस हजार. म्हणजे हप्त्याच्या दीडपट पैसे हाती, आणि पुढे व्याज कमी होत जाणार. वाईट वर्षी भात गेलं तरी भाड्याच्या अडतीस हजारांतून हप्ता निघतो, कसाबसा का होईना, कारण वरच्या मळ्या आणि भरड जमिनी बांध फुटला म्हणून नांगरायच्या राहत नाहीत.

हे गणित पहिल्या दिवशी मागितलं असतं तर एका पानात दिलं असतं. मागितला चार्ट!

अर्ज नव्याने लिहिला. पहिल्या परिच्छेदात किती पैसे, कशाला, किती वर्षांत फेडणार. दुसऱ्यात वरचं गणित आणि वाड्यावरच्या नऊ जणांच्या सह्या, की टिलर आला तर नांगरणी यांच्याकडूनच करून घेऊ. चार्ट ठेवला, पण शेवटी. पट्टी शून्यापासून, एकक क्विंटल, 2021 च्या जागी रेषा तुटलेली आणि तिथेच लिहिलं, "बांध फुटला, पेरणी नाही, पंचनामा पान 4". बाबांनी सही केली. सही करताना त्यांचा हात थरथरत नाही, पण बँकेत गेले की थरथरतो, हे मी बघितलं आहे.

साहेबांचा निरोप होता, शनिवारी सकाळी दहाला या, निवांत बघू. आज दहाला पोचलो. शटर खाली. वॉचमन म्हणाला, "आज दुसरा शनिवार."