बिलावर ‘क्लच’ लिहिलंय, पण नेमकं केलं काय?

आबांनी मोटारसायकल सर्व्हिसिंगला दिली आणि ३,५६० रुपयांचं बिल खिशात घालून घरी आले. रात्री त्यांनी मला बिलाचा फोटो पाठवला आणि फोन करून विचारलं, “ह्यातलं काय काय झालं असेल रे?” पैसे देऊन आलेल्या माणसाला आपल्याच गाडीचं काय झालं हे पुण्यात बसलेल्या मुलाला विचारावं लागतं, याचा मला प्रचंड राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. तिथं त्यांनी काउंटरवर विचारलं होतं. उत्तर मिळालं, “काका, ते टेक्निकल असतं.”

बिल इंग्रजीत. क्लच ओव्हरहॉल १,९५०. मजुरी ६५०. चेसिस ल्युब्रिकेशन ३५०. ट्यूबलेस व्हॉल्व्ह दोन नग १८०. इंजिन ऑइल ४३०. वर कोपऱ्यात ओडोमीटर ३८,४१०. एवढंच.

सगळ्यात आधी क्लच, कारण सगळ्यात मोठी रक्कम तिथं आहे. ओव्हरहॉल म्हणजे क्लच खोलून आतल्या झिजलेल्या प्लेटा बदलणं. आबांची तक्रार एकच होती: फाटकापाशी थांबलं की न्यूट्रल सापडत नाही, आणि पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येतो. म्हणजे लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच नीट सुटत नव्हता. असं झालं की पहिल्यांदा क्लच वायर बघायची. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर ढील असावी लागते. वायर ताणली गेली की ही ढील वाढते, लिव्हर हँडलला टेकली तरी आत प्लेटा एकमेकींपासून पूर्ण सुटत नाहीत आणि गिअर अडतो. लिव्हरपाशी आणि खाली इंजिनपाशी वायरचे नट असतात, ते फिरवून ढील जागेवर आणायची. दहा मिनिटांचं काम आहे.

प्लेटा झिजल्याची खूण याच्या उलट असते. क्लच सुटतो छान, पण पकडत नाही. चढावर एक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र पुढं सरकत नाही. मी आबांना दोनदा विचारलं, असं कधी झालं का? नाही. शेताच्या वाटेवरचा तो उभा चढ गाडी खताची गोणी घेऊन चढत होती. मग प्लेटा कशासाठी बदलल्या?

आणि मुळात बदलल्या तरी होत्या का? शनिवारी गावी गेलो आणि गाडीशेजारी उकिडवा बसलो. आपल्या साध्या मोटारसायकलींमध्ये क्लच इंजिनच्या ऑइलमध्येच बुडालेला असतो. तिथपर्यंत पोचायचं तर ऑइल काढायचं, उजव्या बाजूचं झाकण खोलायचं, आणि परत बसवताना त्याखालचं कागदी पॅकिंग बहुतेक वेळा फाटतं म्हणून नवीन टाकायचं. बिलात पॅकिंग कुठेच नाही. झाकणाच्या बोल्टांच्या खाचांत गेल्या पावसाळ्यातला चिखल वाळून घट्ट बसलेला, कुठेही पान्याचा ओरखडा नाही. वायरच्या नटाचे आटे मात्र ताजे चकाकत होते आणि लिव्हरची ढील अगदी बरोबर होती. काम झालं होतं ते वायर ताणायचं. त्याचे पन्नास-शंभर रुपये कुणीही आनंदानं दिले असते. ‘ओव्हरहॉल’ या एका शब्दाखाली मजुरीसकट २,६०० रुपये गेले.

ट्यूबलेसचं तर बोलायलाच नको. आबांच्या गाडीला आऱ्यांची चाकं आहेत. साध्या आऱ्यांच्या रिममध्ये प्रत्येक आऱ्यासाठी भोक असतं, तिथून हवा निघून जाईल, म्हणून आत ट्यूब टाकावीच लागते. ट्यूबलेस व्हॉल्व्ह थेट रिमवर बसतो, आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह ट्यूबलाच चिकटलेला येतो. म्हणजे ते दोन नग या गाडीला बसूच शकत नाहीत! दुसऱ्या कुणाच्या गाडीचा माल आबांच्या बिलावर चढला, किंवा नुसता शब्द चढला. ज्याला ट्यूब आणि ट्यूबलेस यातला फरक माहीत नाही तो १८० रुपये देऊन मोकळा होतो, आणि समोरच्याला हे पक्कं माहीत असतं.

चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा. त्याला वंगण लागत नाही, लागतं ते त्याच्यावर फिरणाऱ्या सांध्यांना: स्टँडच्या पिना, मागच्या स्विंग आर्मचे बुश, हँडलखालचा कोन सेट. कोन सेटला ग्रीस भरायचं तर हँडल आणि पुढचे फोर्क उतरवावे लागतात, तास-दीड तास जातो. ते केलं असेल तर ३५० रुपये काहीच नाहीत. स्टँडवर ऑइलचे चार थेंब टाकले असतील तर ती लूट आहे. बिलावरच्या शब्दात दोन्ही मावतं. मला स्टँडवर ऑइल दिसलं. हँडल वळवताना मधोमध जी कचकच जाणवायची ती तशीच आहे.

पण मला सगळ्यात जास्त चीड आली ती ओडोमीटरच्या आकड्याची. ओडोमीटर म्हणजे गाडी नवी असल्यापासून एकूण किती चालली तो आकडा. मीटरवर २८,४३६ आहे आणि बिलावर ३८,४१०. एक आकडा चुकला, म्हणून कुणी हसून सोडून देईल. मी नाही सोडणार. आबांचं शेतात जाणं-येणं रोज १८ किलोमीटर. गाडीला पाच वर्षं झाली. एकही दिवस खाडा न करता गेले असते तरी ३३ हजारांच्या आत आकडा राहिला असता. याच ३८ हजारांच्या आधारावर त्यांना सांगितलं गेलं की, “एवढ्या किलोमीटरला क्लच जातोच.” शिवाय बिलाच्या तळाशी पुढची सर्व्हिसिंग ४१,४१० ला लिहिली आहे. आबा कागदावर विश्वास ठेवणारा माणूस. मीटरवर तो आकडा यायची वाट बघत बसले असते तर याच ऑइलवर ३ हजारांऐवजी १३ हजार किलोमीटर गाडी चालली असती. तेव्हा मात्र क्लचच काय, पिस्टनसुद्धा गेला असता आणि दोष आबांच्या चालवण्यावर आला असता.

सोमवारी मी रजा टाकून आबांबरोबर तिथं गेलो. व्हॉल्व्हचे १८० लगेच परत केले, तेही “एंट्री चुकली” म्हणून. जुन्या क्लच प्लेटा दाखवा म्हटल्यावर “भंगारात गेल्या.” नव्या प्लेटांच्या डब्याचं लेबल? “तेही टाकलं.” मग झाकण आत्ता माझ्यासमोर खोला, नवीन पॅकिंगचे पैसे मी देतो, प्लेटा नव्या निघाल्या तर माफी मागतो, असं म्हणालो. मॅनेजर जेवायला गेले ते तासभर आलेच नाहीत.

आबा बाहेर बाकावर बसून होते. मला म्हणाले, “जाऊ दे, त्यांच्याशी वाकडं नको, गाडी परत इथंच आणायची आहे.” पाच वर्षं त्यांनी याच भीतीनं प्रत्येक बिल भरलं आहे. ती सगळी बिलं त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलीत. मी काल रात्री काढली. गेल्या दोन वर्षांत ‘चेसिस ल्युब्रिकेशन’ सहा वेळा आहे. ग्रीस एकदाही नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करताना ही सहाही बिलं जोडणार आहे, आबा नको म्हणाले तरी.